बिल्डिंगच्या उभ्या रेषा सरळ केल्या की वरचे मजले मऊ का पडतात, आणि त्यात रिझोल्यूशन नेमकं किती जातं

उंच बिल्डिंगचा फोटो काढायचा म्हणून कॅमेरा थोडा वर केला, आणि फोटोत बघतो तर बिल्डिंग मागे रेललेली, दोन्ही कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या. मग एडिटिंगमध्ये व्हर्टिकलचा स्लायडर ओढला, कडा सरळ झाल्या, आणि लगेच दुसऱ्या तक्रारी सुरू झाल्या: वरचे मजले मऊ दिसतायत, मनोऱ्याचं टोक फ्रेमबाहेर गेलं, बिल्डिंग बसकी झाली नाहीतर उगाच लांबुडकी झाली, आणि फाइल म्हणतेय २३ मेगापिक्सेल पण झूम केल्यावर तो दम काही दिसत नाही. हे प्रश्न इतक्या वेळा येतात की एकदाच नीट, आकड्यांसकट लिहून ठेवतोय, कारण "थोडं रिझोल्यूशन जातंच" एवढ्या उत्तराने कुणाचंच काम होत नाही. किती जातं, कुठे जातं आणि कधी ते चालून जातं हे मोजता येतं, आणि मोजायला फोटोवर एक पट्टी ठेवली तरी पुरतं.

आधी कारण, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे

कडा झुकतात यात लेन्सचा दोष नाही. सेन्सर बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा समांतरच येतात, मग लेन्स कितीही वाइड असो. कॅमेरा वर केला की सेन्सर तिरका होतो, भिंतीचा वरचा भाग कॅमेऱ्याच्या नजरेने लांब जातो आणि लांबची गोष्ट लहान दिसते, एवढंच. आता यात एक बारकावा आहे जो बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही, तो असा की वरचा भाग फक्त रुंदीने लहान होत नाही. लांब गेल्यामुळे तो रुंदी आणि उंची दोन्हीने लहान होतो, आणि शिवाय भिंत कॅमेऱ्यापासून तिरकी पळत असल्यामुळे उंचीच्या दिशेने अजून एकदा दबतो. म्हणजे वरच्या खिडकीची रुंदी समजा खालच्या खिडकीच्या दोन तृतीयांश आली असेल तर तिची उंची दोन तृतीयांशाचेही दोन तृतीयांश, म्हणजे निम्म्याहून कमी येते.

सॉफ्टवेअर हेच उलटं करतं. वरची एखादी ओळ रुंदीत जितकी पट ताणावी लागते, उंचीत तिथे त्या पटीचा वर्ग लागतो. रुंदीत १.३ पट तर उंचीत १.६९ पट. रिझोल्यूशनचा सगळा हिशोब या वर्गात दडलाय आणि "वरचे मजले मऊ" ही तक्रार पण इथूनच येते.

एक फोटो घेऊन पूर्ण हिशोब

फुल फ्रेम कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, २४ एमएम लेन्स, कॅमेरा उभा धरलाय, म्हणजे फोटो ४००० रुंद आणि ६००० उंच. कॅमेरा १५ अंश वर केलाय. हे काही फार नाही, जवळून बिल्डिंग घेताना एवढं सहज होतं.

आता पट्टी ठेवायची. बिल्डिंगच्या डाव्या आणि उजव्या कडेवरून गाइड लाइन टाका, त्या फ्रेमच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकापर्यंत वाढवा, आणि दोन्हीकडचं अंतर मोजा. या फोटोत खाली ३३०० पिक्सेल आलं तर वर साधारण २१९५ येईल. वरचं भागिले खालचं, ०.६६५. हा एक आकडा हातात आला की बाकी सगळं निघतं, कोन माहीत नसला तरी चालतं.

करेक्शननंतर वरचा भाग खालच्या भागाच्या मानाने रुंदीत १ भागिले ०.६६५, म्हणजे १.५ पट ताणला जाणार, आणि उंचीत १.५ चा वर्ग, म्हणजे साधारण २.२६ पट. ही झाली वर आणि खालची तुलना. मूळ पिक्सेलच्या हिशोबाने बघायचं आणि फोटोचा स्केल मूळ फोकल लेन्थचाच ठेवला तर अगदी वरच्या ओळीत रुंदी १.३ पट आणि उंची १.६८ पट होते, मध्यभागी जेमतेम ३ ते ७ टक्के वाढ होते, आणि अगदी खालच्या ओळीत रुंदी ०.८६ पट आणि उंची ०.७४ पट होते, म्हणजे खालचा भाग उलट आक्रसतो. खालच्या भागात तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त पिक्सेल होते ते फुकट गेले, आणि वर जिथे कमी होते तिथे सॉफ्टवेअरने मधले पिक्सेल अंदाजाने भरले.

आता आकार. सरळ केलेला फोटो टोपलीसारखा होतो, वर ५१८३ पिक्सेल रुंद आणि खाली ३४४८, उंची ६७०२. आयत कापायचा तर रुंदी खालच्या ३४४८ वरच अडते. म्हणजे क्रॉप केल्यावर फाइल झाली ३४४८ बाय ६७०२, गुणाकार केला तर २३.१ मेगापिक्सेल. हा आकडा बघून लोकांना वाटतं काहीच गेलं नाही. पण त्या आयतात मूळ फोटोतले खरे पिक्सेल किती आले ते बघा: खाली पूर्ण ४००० चा पट्टा, वर फक्त मधले २६६१, म्हणजे सरासरी ३३३० गुणिले ६०००, जवळपास २० मेगापिक्सेल. ४ मेगापिक्सेल क्रॉपमध्ये गेले, वरच्या दोन्ही बाजूंचं आकाश बहुतेक, त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खरी किंमत त्या २० मध्ये पण दिसत नाही, ती वाटपात आहे. एक प्रश्न विचारा: हा फोटो किती लहान केला म्हणजे अगदी वरच्या ओळीत पण एकही पिक्सेल अंदाजाने भरलेला राहणार नाही? रुंदीच्या दिशेने बघितलं तर १.३ ने भागायचं, उत्तर येतं साधारण २६६१ बाय ५१७२, म्हणजे पावणेचौदा मेगापिक्सेल. उंचीच्या दिशेने बघितलं तर १.६८ ने भागायचं, ते येतं साधारण २०५३ बाय ३९९०, म्हणजे ८ मेगापिक्सेलच्या थोडं वर. तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या या फोटोच्या अगदी वरच्या कडेची खरी ताकद ८ मेगापिक्सेलच्या फोटोएवढी आहे, मध्यावर ती साधारण मूळ फोटोएवढीच आहे, आणि खाली मूळपेक्षा दाट. फाइलवर लिहिलेले २३ मेगापिक्सेल यातलं काहीच सांगत नाहीत.

कोन वाढला की हे सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने वाढतं. याच लेन्सने उभ्या फ्रेममध्ये १० अंश वर केलं तर वरच्या कडेला उंचीतला ताण १.३७ पट, १५ ला १.६८, २० ला २.१४, आणि २५ ला जवळपास २.९ पट. मी स्वतः १५ अंशापर्यंत बिनधास्त करतो, २० ला फोटो कुठे वापरायचाय ते आधी विचारतो, आणि २५ ला सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहत नाही, दुसरा रस्ता शोधतो, तो खाली लिहिलाय.

वरचा भाग मऊ आहे, पण दोष करेक्शनचाच आहे का?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वरची कडा म्हणजे वाइड लेन्सची पण कमजोर जागा, आणि बऱ्याचदा दोन्ही दोष एकावर एक बसलेले असतात.

१०० टक्के झूम करा आणि वरच्या मजल्यावर अशी जागा शोधा जिथे आडव्या आणि उभ्या दोन्ही बारीक रेषा आहेत, खिडकीची जाळी, लूव्हरच्या पट्ट्या, विटांचे सांधे, काहीही. करेक्शनमुळे मऊपणा आला असेल तर तो दोन्ही दिशांना सारखा नसतो. उंचीत ताण जास्त असल्यामुळे आडव्या रेषा जास्त जाड आणि पुसट होतात, म्हणजे विटांच्या आडव्या ओळींमधला सांधा धुरकट दिसतो पण उभा सांधा बऱ्यापैकी टिकून असतो. गोल वस्तू असली, दिवा किंवा बोल्ट, तर तिच्या कडेला वर आणि खाली जास्त धूसर पट्टा दिसतो आणि डावीउजवीकडे कमी. असं दिसलं तर ते करेक्शनचं काम. दोन्ही दिशांना सारखंच मऊ असेल तर फोकस बघा, कोपऱ्यात रंगांची झालर आणि एका बाजूला ओढल्यासारखं असेल तर लेन्स, आणि सगळ्या फोटोभर एकाच दिशेला डबल कडा असतील तर हात हललाय.

दुसरी खूण म्हणजे मूळ फोटो. करेक्शन बंद करा, तीच जागा १०० टक्क्यांवर बघा. तिथे कडक असेल आणि सरळ केल्यावरच मऊ झाली असेल, तर सरळ केलेला फोटो ६० टक्क्यांवर लहान करून बघा (आपल्या उदाहरणात १ भागिले १.६८ म्हणजे तेवढंच येतं). परत कडक झाला तर माहिती शाबूत आहे, फक्त पसरलीये. ६० टक्क्यांवर पण मऊच राहिला तर कॅमेऱ्यातूनच मऊ आलाय, तिथे कुठलाही स्लायडर मदत करणार नाही.

नॉइज पण बघून घ्या. जास्त आयएसओवर काढलेल्या फोटोत वरच्या भागातले दाणे उभे लांबट झालेले दिसतात, तांदळासारखे. याचा अर्थ नॉइज काढायच्या आधी ताण दिला गेला. क्रम उलटा करा.

क्रम

क्रमाबद्दल फार वाद होतात पण त्यामागचं कारण साधं आहे. आधी लेन्स प्रोफाइल, कारण वाइड लेन्समध्ये बॅरल डिस्टॉर्शन असतं, कडा किंचित बाहेर फुगलेल्या असतात, आणि वाकलेल्या रेषेला सरळ समजून तुम्ही करेक्शन केलं तर ती मध्ये सरळ आणि टोकांना तिरकी राहते, मग माणूस स्लायडर पुढेमागे करत बसतो आणि बसत काहीच नाही. मग नॉइज. मग रोल, म्हणजे कॅमेरा डावीउजवीकडे किती कलला होता ते. याची खूण अशी की एक कडा जास्त झुकलीये आणि दुसरी कमी, तर त्यात रोल मिसळलाय (बिल्डिंग फ्रेमच्या मधोमध असेल तर, एका बाजूला असेल तर एक कडा जास्त झुकणं साहजिकच आहे). मग व्हर्टिकल. क्रॉप त्यानंतर. शार्पनिंग शेवटी, आणि ते पण वरून खाली विरत जाणारा मास्क लावून, कारण खालच्या भागाला त्याची गरज नाहीये आणि तिथे दिलंत तर कडांना पांढरी झालर येते.

रॉ कन्व्हर्टरमध्ये हा क्रम बराचसा आतल्या आत सांभाळला जातो आणि सगळे भौमितिक बदल शक्यतो एकाच फेरीत होतात. त्रास होतो तो जिंपसारख्या ठिकाणी, जिथे लोक आधी रोटेट करतात, ओके, मग पर्स्पेक्टिव्ह, ओके, मग स्केल, ओके, आणि प्रत्येक ओकेला फोटो नव्याने घडवला जातो आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा मऊ होतो. तीन वेळा केलं की जे नुकसान दिसतं त्याचं खापर करेक्शनवर फुटतं. एकाच टूलमध्ये एकाच फेरीत उरका, जिंपमध्ये Unified Transform याचसाठी आहे, आणि इंटरपोलेशन NoHalo किंवा LoHalo ठेवा.

गाइड लाइन टाकताना लांब आणि एकमेकांपासून दूर असलेल्या दोन कडा घ्या. खिडकीची छोटी चौकट घेतली तर दोन पिक्सेलची चूक पूर्ण उंचीवर वीसपट होते. आणि बिल्डिंग मुळात निमुळती असेल, तटबंदीची भिंत किंवा मनोरा, तर तिची बाहेरची कडा घेऊच नका, ती खरंच तिरकी आहे. दाराची चौकट, खांब, असं काहीतरी घ्या जे बांधणाऱ्याने ओळंबा लावून उभं केलंय.

बिल्डिंग बसकी झाली की लांबुडकी झाली?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर तुम्ही कुठले कोपरे ओढलेत त्यावर आहे. आपल्याच फोटोत बघू. वरचे दोन कोपरे बाहेर ओढून कडा सरळ केल्या आणि उंची ६००० च ठेवली, तर कडा समांतर होतील पण बिल्डिंग बसकी होईल, कारण वर सांगितलं तसं उंचीला पण ताण हवा होता आणि तो दिलाच नाही. खरी उंची मिळवायला इथे उंची १.३ पट करावी लागते, ६००० ची साधारण ७७७५. म्हणजे न करता सोडलंत तर बिल्डिंग पाऊण उंचीची दिसतेय, हा काही छोटा फरक नाही, दारं चौकोनी दिसायला लागतात.

उलट खालचे कोपरे आत ढकलले आणि उंची तशीच ठेवली तर बिल्डिंग लांबुडकी होते, कारण तिथे उंची ०.८६ पट व्हायला हवी होती, ६००० ची ५१७२, आणि ती झाली नाही. म्हणून एकाच फोटोवर काम करून दोघं जण एकमेकांच्या विरुद्ध तक्रारी घेऊन येतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

योग्य प्रमाण सॉफ्टवेअरला फोकल लेन्थ माहीत असेल तरच काढता येतं. डार्कटेबलच्या rotate and perspective मध्ये lens model ला specific करा आणि फोकल लेन्थ, क्रॉप फॅक्टर तपासा, generic ठेवलं तर ते २८ एमएम फुल फ्रेम धरून चालतं. रॉ थेरपीमध्ये कॅमेऱ्यावर आधारित पद्धत निवडली की हेच विचारतं. लाइटरूममध्ये Aspect चा स्लायडर आहे, तो हाताने लावायचा. जुनी मॅन्युअल लेन्स असेल, किंवा फोटो आधीच क्रॉप केलेला असेल, तर सॉफ्टवेअरला मिळालेली माहिती चुकीची असते हे लक्षात ठेवा. करेक्शन नेहमी पूर्ण, न कापलेल्या फोटोवर करा, कापलेल्या फोटोचं केंद्र हललेलं असतं आणि गणित केंद्रापासून चालतं.

प्रमाण बरोबर आलंय का हे बघायला फोटोतच काहीतरी शोधा ज्याचं माप माहीत आहे: चौरस टाइल, गोल घड्याळ, एकसारख्या मजल्यांची उंची. शेवटचं सगळ्यात चांगलं, कारण सगळे मजले सारखे बांधलेले असतील तर सरळ केल्यावर त्यांची उंची वरपासून खालपर्यंत पिक्सेलमध्ये सारखी यायला हवी. दुसऱ्या मजल्याचा मापलेला आकडा आणि वरून दुसऱ्याचा आकडा जुळला तर करेक्शनचा कोन बरोबर आहे. मजले सारखे आहेत पण खिडक्या सगळीकडे सारख्याच आखूड किंवा लांब वाटतात, तर कोन बरोबर आणि Aspect चुकलाय.

सगळं बरोबर असून पण बिल्डिंग वर रुंद होत चाललीये असं वाटतं कधीकधी. खाली उभं राहून वर बघताना डोळ्याला थोडं निमुळतं दिसण्याची सवय आहे, ते पूर्ण काढून टाकलं की विचित्र वाटतं, खासकरून तीव्र कोनाच्या फोटोत. तिथे १०० च्या ऐवजी ८५ ते ९० टक्के करेक्शन ठेवा. रिझोल्यूशन पण थोडं वाचतं आणि फोटो नैसर्गिक दिसतो. आर्किटेक्टला देण्यासाठी किंवा मोजमापासाठी फोटो असेल तर मात्र पूर्णच करायला लागेल.

टोक कापलं गेलं

सॉफ्टवेअर फ्रेमचा आकार तसाच ठेवून आत फोटो ताणतं, त्यामुळे वरचा भाग फ्रेमबाहेर सरकतो. तो गेलेला नसतो, लपलेला असतो. लाइटरूममध्ये Constrain Crop ची खूण काढा, Scale कमी करा, Y Offset ने खाली आणा, टोक परत दिसतं. डार्कटेबलमध्ये automatic cropping चे पर्याय बदलून बघा.

आणि फोटो काढतानाच एक गोष्ट लक्षात ठेवा जी उलटी वाटते. मोकळी जागा बिल्डिंगच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना सोडायची असते. टोकाच्या वर २०० पिक्सेल आकाश सोडलंत तर ताणल्यावर त्याचे सव्वातीनशेच्या आसपास होतात, तिथे जागा आपोआप वाढते. खाली मात्र फ्रेम अरुंद होते आणि क्रॉप तिथेच अडतो, म्हणून बिल्डिंगचा पायथा फ्रेमच्या कडेला चिकटलेला असेल तर शेवटी बिल्डिंगचीच कड कापायला लागते.

ज्यांना कुठल्याही स्लायडरवर विश्वास नाही आणि आकडे स्वतः द्यायचेत त्यांच्यासाठी वरच्या उदाहरणाचं इमेजमॅजिकमधलं रूप:

```
magick in.tif -filter Lanczos \
  -define distort:viewport=3448x6702+0+0 \
  -distort Perspective \
  '669,0 0,0  3331,0 3448,0  4000,6000 3448,6702  0,6000 0,6702' \
  out.tif
```

प्रत्येक जोडीत आधी मूळ फोटोतला बिंदू आणि मग तो कुठे न्यायचा ते. वरच्या ओळीतले ६६९ ते ३३३१, म्हणजे मधले २६६१ च्या आसपास पिक्सेल, पसरून ३४४८ होतात हे यात उघड दिसतं. फोटो काटकोनात न कापता सगळा ठेवायचा असेल तर viewport मोठा करा आणि त्याची सुरुवात डावीकडे उणे आकड्यावर न्या, म्हणजे 5184x6702-868+0.

मग सरळ धरूनच का काढू नये?

"करेक्शनमध्ये रिझोल्यूशन जातं म्हणून कॅमेरा सरळ धरा, वाइड लेन्स वापरा आणि खालचा रस्ता कापून टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो आकड्यात बसवला की टिकत नाही. आपल्या फोटोत जेवढं दृश्य आलंय तेवढंच कॅमेरा न कलवता घ्यायचं तर २४ च्या ऐवजी १४ एमएम लेन्स लागते, कारण फ्रेमचा वरचा दोन तृतीयांश भागच बिल्डिंगच्या कामी येतो. नको असलेलं कापल्यावर हातात उरतात साधारण २००० बाय ३९०० पिक्सेल, म्हणजे ८ मेगापिक्सेलला थोडं कमी, सगळीकडे सारखं. आणि आपण २४ एमएमने तिरकं काढून सरळ केलेल्या फोटोची सगळ्यात वाईट जागा, अगदी वरची कडा, तीसुद्धा उंचीच्या दिशेने तेवढीच होती, रुंदीच्या दिशेने चांगली होती, आणि बाकी सगळा फोटो त्याहून कितीतरी दाट. म्हणजे सरळ धरून कापण्यापेक्षा तिरकं काढून सरळ करणं पिक्सेलच्या हिशोबात चांगलं पडतं. सरळ धरण्याचा फायदा एवढाच की एडिटिंगचा वेळ वाचतो आणि प्रमाण चुकायची भीती नाही.

खरोखर फरक पडतो तो शिफ्ट लेन्सने, कारण तिथे सेन्सर भिंतीला समांतर राहतो आणि लेन्सच वर सरकते, पसरवण्याचा प्रश्नच येत नाही. २४ एमएमला १५ अंशाच्या बदली फ्रेमचा मध्य तेवढाच वर न्यायला साधारण साडेसहा एमएम शिफ्ट लागतं, आणि वरची कडा आपल्या फोटोएवढी वर न्यायला साधारण साडेबारा. कॅननची टीएस-ई २४ एमएम एफ ३.५ एल दुसरी आवृत्ती १२ एमएमपर्यंत सरकते, निकॉनची पीसी-ई २४ एमएम साडेअकरा, म्हणजे मध्य दोन्हींना आरामात झेपतो, वरची कडा थोडक्यात हुकते. पण शिफ्ट पूर्ण केलं की या लेन्सचा पण कडेचा भाग वापरला जातो, तिथे थोडा मऊपणा आणि काळोख येतो, म्हणून एफ ८ किंवा ११ ला ठेवा.

शिफ्ट लेन्स नसेल आणि कोन २० च्या पुढचा असेल, किंवा मोठी प्रिंट हवी असेल, तर जास्त फोकल लेन्थने तुकड्यात काढून जोडा. यात एक चूक होते: लोक २४ च्या जागी ३५ एमएम घेऊन दोन फोटो काढतात आणि फरक दिसत नाही म्हणून नाराज होतात. तो दिसणारच नाही, कारण वाइड लेन्सच्या कडेला प्रत्येक अंशामागे मधल्यापेक्षा जास्त पिक्सेल असतातच, त्यामुळे ३५ चा वरच्या कडेला फायदा जेमतेम १८ टक्के होतो. ५० एमएम घेतली तर वरच्या कडेचा ताण १.६८ वरून १.१ वर येतो, म्हणजे जवळपास शून्य. त्यासाठी उभ्या फ्रेमच्या तीन ओळी, प्रत्येकी तीन फोटो, तीस टक्के एकमेकांवर चढवून. हगिनमध्ये प्रोजेक्शन Rectilinear ठेवा, बिल्डिंगच्या उभ्या कडांवर व्हर्टिकल लाइनचे कंट्रोल पॉइंट टाका, आणि ते पिच आणि रोल स्वतः काढतं. ट्रायपॉड असेल तर उत्तम, आणि जवळ खांब किंवा झाड असेल तर कॅमेरा लेन्सच्या एंट्रन्स प्युपिलभोवतीच फिरवायला लागेल, नाहीतर तिथे जोड दिसतो.

मागे जायला जागा असेल तर हे सगळं करू नका, मागे जा. अंतर दुप्पट केलं की वरच्या टोकाचा चढ निम्मा होतो आणि बऱ्याचदा २८ एमएमने कॅमेरा न कलवता सगळी बिल्डिंग बसते. मागे जागा नसेल पण समोर चढायला जागा असेल, जिना, गच्ची, काहीही, तर तेही तितकंच कामाचं, कारण कोन उंचीच्या फरकावर ठरतो आणि तुम्ही दोन मजले वर गेलात की तो तेवढा उतरतो.

आता ८ मेगापिक्सेलची वरची कडा चालते का, हे फोटो कुठे जाणार त्यावर आहे. आपल्या उदाहरणात वरच्या कडेची खरी उंची साधारण ३९९० पिक्सेल धरा, ३०० पीपीआयला म्हणजे सव्वातेरा इंच, ३४ सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्या आत प्रिंट असेल तर कुणालाच काही दिसणार नाही, स्क्रीनसाठी २००० पिक्सेल उंचीला तर प्रश्नच नाही, तिथे वरचा भाग पण निम्म्यावर लहानच होतोय. एक मीटर उंचीची प्रिंट जवळून बघितली जाणार असेल तर वरच्या मजल्यांवर फरक दिसेल, आणि आधी आडव्या रेषांमध्येच दिसेल. अशा कामाला मी सरळ तुकड्यात काढतो, आणि फाइल देताना ती ३४४८ बाय ६७०२ अशी फुगवलेली न देता लागेल तेवढ्याच आकारात, एकाच फेरीत सरळ आणि लहान करून देतो. इमेजमॅजिकमध्ये त्यासाठी वरच्या कमांडमधले नेण्याचे बिंदू आणि viewport त्याच प्रमाणात लहान करायचे, रीसाइजची वेगळी फेरी लागत नाही.